“फक्त आयब्रो करायला गेले होते”: ब्यूटी पार्लरमधला जिव्हाळा आणि खर्च

पार्लरमधून घरी आलेल्या बाईच्या तोंडी हे वाक्य तुम्ही नक्की ऐकले असेल: “फक्त आयब्रो करायला गेले होते.” वाक्य बहुधा इथेच थांबते. पुढे काय झाले हे ऐकणारीला माहीत असते, कारण तिच्याही बाबतीत तेच घडलेले असते. वेळ दहा मिनिटांऐवजी दीड तास गेला आणि पन्नास रुपयांऐवजी पाचशे गेले. तरीही सांगणारीच्या आवाजात फसवले गेल्याची चीड क्वचितच असते. थोडा अपराधीपणा असतो, थोडी मजाही असते. प्रस्तुत पाठात आपल्याला या अर्धवट वाक्याचे वाचन करायचे आहे.

पार्लरबद्दल लिहिणारे साधारण दोन गटांत पडतात. एक गट म्हणतो, ही बायकांची हक्काची जागा आहे. इथे घरचे कान नाहीत, त्यामुळे मोकळे बोलता येते. दुसरा म्हणतो, हा सौंदर्याचा बाजार आहे. तो बाईला आधी कुरूप ठरवतो आणि मग उपाय विकतो. दोन्ही म्हणणी खरी आहेत. अडचण अशी की ती एकमेकींना न भेटता शेजारी शेजारी उभी राहतात. मला दाखवायचे आहे ते हे, की छोट्या पार्लरात खर्चाचा दबाव जिव्हाळ्यातूनच वाट काढतो आणि त्यामुळे तो दबाव म्हणून ओळखूच येत नाही.

त्यासाठी मॉलमधले चकचकीत सलून बाजूला ठेवू. आपले उदाहरण आहे वस्तीतले पार्लर: इमारतीच्या तळमजल्यावरची एक खोली, दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, पडद्यामागे फेशियलसाठी एक पलंग, दाराशी बाकडे, काचेवर ‘फक्त महिलांसाठी’ अशी पाटी. मालकीण स्वतः काम करते, हाताखाली एक किंवा दोन मुली असतात. कानपूर असो, कोइमतूर असो की कोल्हापूर, या खोलीची मांडणी फारशी बदलत नाही.

हात, तोंड आणि बोलणे

पार्लरमधल्या गप्पा मुक्त असतात असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात कोण कधी बोलू शकते हे हातातले काम ठरवते. धाग्याने भुवया कोरताना गिऱ्हाइकाने डोळे मिटून एका हाताने पापणी खाली आणि दुसऱ्या हाताने कपाळाची कातडी वर ताणून धरायची असते. काम करणारीने धाग्याचे एक टोक बहुधा दातांत धरलेले असते. म्हणजे या पाच मिनिटांत दोघीही मुक्या असतात. बोलते ती बाकड्यावर बसलेली तिसरी बाई. नवे गिऱ्हाईक वस्तीची बातमी पहिल्यांदा ऐकते ते असे, डोळे मिटून.

फेशियलचे वेगळे. आधी चेहरा पुसणे, मग स्क्रब, कधी वाफ, मग पंधरावीस मिनिटे मालिश, शेवटी पॅक. मालिशच्या वेळी काम करणारीचे तोंड मोकळे असते, गिऱ्हाईक आडवे असते आणि कपाळावरून एक उबदार हात फिरत असतो. खरे बोलणे इथे होते. सासूचे आजारपण, मुलीची दहावी, नवऱ्याची बदली. बोलणारीला समोर ऐकणारीचा चेहरा दिसत नाही, याचाही त्यात वाटा असावा. नंतर पॅक लावला की चेहरा हलवायचा नाही, कारण तो वाळताना तडकतो. जी आत्ता बोलत होती ती आता निमूट पडून राहते आणि काम करणारी पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळते. पडद्याआड पडलेल्या बाईच्या कानावर दुसरीची गोष्ट पडते. पार्लरमध्ये बातमी पसरण्याचा मार्ग बऱ्याचदा हाच असतो: मुद्दाम कोणी कोणाला सांगत नाही, पण सगळ्यांना कळते.

आता याच क्रमात खर्चाची वाक्ये कुठे येतात ते पाहा. भुवया झाल्या, गार जेल चोळले, गिऱ्हाइकाने डोळे उघडले. हातात छोटा आरसा आला. चेहरा अजून लालसर आहे, डोळ्यांत थोडे पाणी आहे आणि आरशात नेहमीपेक्षा फार जवळून दिसते आहे. नेमक्या या क्षणी काम करणारी बोट न लावता म्हणते, “अपर लिप करायचं ना?” प्रश्नातले ‘ना’ महत्त्वाचे. उत्तर आधीच ठरलेले आहे आणि फक्त दुजोरा हवा आहे, असा त्याचा अर्थ. हे शब्द आठवडाभरानंतर रस्त्यात कोणी विचारले तर चमत्कारिक वाटतील. आरशासमोर त्यांना नकार देणे म्हणजे जे दिसते ते दिसत नाही असे म्हणणे.

दरपत्रकाचे वाचन

भिंतीवरचे रेट कार्ड हा आपला दुसरा पाठ. त्यात शरीर तुकड्यांत मोडलेले असते: हाफ आर्म्स, फुल आर्म्स, अंडरआर्म्स, हाफ लेग्ज, फुल लेग्ज, अपर लिप, फोरहेड, चिन, साइड लॉक्स. घरी कोणीही आपल्या चेहऱ्याचा विचार असा करत नाही. ‘साइड लॉक्स’ हा शब्द कार्डावर वाचेपर्यंत कानापुढचे केस ही समस्या आहे हे कित्येक मुलींच्या गावीही नसते. ज्या भागाला नाव मिळाले त्याला भाव मिळाला, आणि ज्याला भाव आहे तो भाग तसाच ठेवणे हा आता निष्काळजीपणा ठरतो.

कार्डाचा दुसरा विशेष म्हणजे पायऱ्या. फ्रूट, पर्ल, गोल्ड, डायमंड. फेशियलची ही नावे फळबाजारातून सराफ बाजारात चढत जातात. पायऱ्यांमधला क्रम मात्र बहुतेक तोच असतो: पुसणे, स्क्रब, मालिश, पॅक. बदलते ते किटचे पाकीट आणि कधीकधी मालिशची मिनिटे. सर्वांत खालची पायरी निवडणारीला आपण सर्वांत खालची निवडली हे कळत असते, आणि बाकड्यावरच्यांनाही.

तिसरा विशेष ‘डी-टॅन’ या शब्दात आहे. गोरेपणाची उघड भाषा आता अवघड झाली आहे. ‘फेअर अँड लव्हली’ या १९७५ सालच्या क्रीमचे नाव २०२० मध्ये ‘ग्लो अँड लव्हली’ झाले, ते याच कारणाने. डी-टॅनमध्ये सोय अशी की तुम्ही सावळ्या आहात असे कोणी म्हणत नाही. तुम्ही मुळात उजळच आहात, उन्हाने तुमचा रंग झाकला आहे, एवढेच म्हटले जाते. जन्मजात रंगाचे रूपांतर काढून टाकता येणाऱ्या थरात होते. काळजीच्या सुरात “उन्हात फार फिरता का हो?” असे विचारले की झाले. जातीने, रंगाने आणि लग्नाच्या जाहिरातींनी केलेले काम या एका आपुलकीच्या प्रश्नात पुढे चालू राहते.

पन्नासाचे पाचशे कसे होतात

एक काल्पनिक पण रोज घडणारी भेट घेऊ. दर शहरागणिक बदलतात, म्हणून आकड्यांपेक्षा क्रमाकडे लक्ष द्या. समजा, एका कार्यालयात नोकरी करणारी तिशीतली बाई शनिवारी संध्याकाळी येते. भुवयांचे ५० रुपये. आरसा हातात आल्यावर अपर लिपचे २० आणि कपाळाचे ३० जमा होतात. आता शंभर झाले. तेवढ्यात बाकड्यावरची ओळखीची शेजारीण विचारते, “पुढच्या रविवारी साखरपुड्याला येणार ना?” मालकीण लगेच काही सुचवत नाही. ती आधी साखरपुडा कोणाचा, मुलगा काय करतो, हॉल कुठला हे विचारते. पाचसात मिनिटे त्यात जातात. मग सहज म्हणते, “निदान क्लीनअप तरी करून घ्या. सगळे फोटो काढतील.” क्लीनअपचे ४००. एकूण ५००.

इथे नेमके विकले कोणी? शेजारणीने प्रसंग पुरवला, मालकिणीने धीर धरला, फोटो काढणाऱ्या अदृश्य पाहुण्यांनी उरलेले काम केले. क्लीनअपचा प्रस्ताव गप्पांच्या बाहेरून आला असता तर तो जाहिरातीसारखा वाटला असता. तो गप्पांच्या आतून आला, म्हणून सल्ल्यासारखा वाटला. ‘निदान’ आणि ‘तरी’ या दोन शब्दांकडेही पाहा. फेशियल करा असे कोणी म्हटलेच नाही. मागणी कमी करून दाखवल्यामुळे चारशे रुपये ही बचत वाटली.

यानंतरची पायरी पॅकेजची. पैसे आधी भरा, तीन वेळा या, थोडी सूट. इथे गंमत अशी की यामुळे परत येण्याचा निर्णयही आधीच घेतला जातो. पुढच्या महिन्यात जायचे की नाही हा प्रश्न उरत नाही; भरलेले पैसे फुकट जाऊ द्यायचे का, एवढाच उरतो.

नाही म्हणणे अवघड का जाते

भाजीवाल्याला आपण सहज नाही म्हणतो. पार्लरमध्ये जमत नाही, याचे कारण शोधताना फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांचा भेटवस्तूंवरचा १९२५ सालचा निबंध उपयोगी पडतो. दिलेली भेट परतफेडीचे बंधन निर्माण करते, आणि परत न करणारा घेणाऱ्याच्या जागी खाली राहतो, हे त्यांचे सूत्र. आता पार्लरमधल्या न मागितलेल्या देण्यांची यादी आठवा. भुवया झाल्यावर दोन मिनिटे मान दाबून देणे. पावसात अडकलात म्हणून चहा. सुटे नसतील तर “पुढच्या वेळी द्या.” बहिणीच्या लग्नात साडी नेसवायला घरी येणे आणि त्याचे पैसे न घेणे. यातले काहीही कार्डावर नाही. ते हिशेबात धरलेले नसल्यामुळेच फेडायचे कसे हे ठरलेले नसते, आणि फेडण्याचा एकमेव सोपा मार्ग म्हणजे पुढचे सुचवलेले काम करून घेणे.

हे सारे ढोंग असते असे मात्र समजू नका. मालकिणीने दाबलेली मान खरोखर हलकी होते, आणि साडी नेसवायला ती खरोखर मायेने आलेली असते. टीका करताना घाई होते ती इथे. माया खरी असली की तिच्यात हिशेब नसतो, असे आपण गृहीत धरतो. वस्तीतल्या व्यवहारात दोन्ही एकाच ताटात असतात. भिशीतही असतात, हळदीकुंकवाच्या वाणातही असतात.

गप्पांचे काम

गप्पांकडे मानववंशशास्त्राने दोन प्रकारे पाहिले आहे. मॅक्स ग्लकमन यांनी १९६३ मध्ये मांडले की कुचाळकी गटाला बांधून ठेवते, गटाची मूल्ये राखते आणि कोण आतले, कोण बाहेरचे हे ठरवते. चार वर्षांनी रॉबर्ट पेन यांनी उलट बाजू घेतली: बोलणारी व्यक्ती स्वतःच्या फायद्यासाठी माहिती देते आणि मिळवते. पार्लरमध्ये दोन्ही एकाच संभाषणात सापडतात. कोणती डॉक्टर बाई नीट ऐकून घेते, कुठल्या शिकवणीत पैसे वाया जातात, कोणाची खोली भाड्याने निघणार आहे, ही माहिती बाईला बाहेर कोणी देत नाही. इथे ती मोफत मिळते, आणि पेन यांचे म्हणणे पटते. पण “तिच्या सुनेनं केस किती आखूड कापलेत पाहिलंस का?” हे वाक्य त्याच बाकड्यावर येते. ते ऐकणारी पुढच्या वेळी आपले केस आखूड करण्याआधी दोनदा विचार करते. हा ग्लकमन यांचा भाग झाला.

या कामाला आपल्याकडे जुनी परंपराही आहे. उत्तर भारतातल्या गावांत नाईण ही बायकांची नखे काढायची, उटणे लावायची, पायाला अळता लावायची; त्याच बरोबर निरोप पोचवायची आणि लग्न जुळवण्यात मध्यस्थी करायची. शरीराला हात लावण्याचा अधिकार आणि घराघरातली माहिती, दोन्ही तिच्याकडे होती. मात्र शरीराचे काम म्हणून तिची पायरी खालचीच राहिली. पार्लरने यात एक मोठा बदल केला. कोर्स, प्रमाणपत्र, काचेवरचे इंग्रजी नाव आणि रोख दर यांमुळे हे काम जातीच्या नावातून सुटून ‘ब्यूटिशियन’ झाले आणि कोणत्याही जातीच्या बाईला करता येऊ लागले. सुटका पूर्ण मात्र झालेली नाही. पाय घासायचे पेडिक्युर आणि अंडरआर्म्सचे वॅक्स बहुतेक वेळा मालकिणीकडे न जाता हाताखालच्या मुलीकडे जाते. कोणाच्या वाट्याला शरीराचा कोणता भाग येतो, हे पुढच्या वेळी जाल तेव्हा पाहा.

संबोधनेही पाहा. मालकीण ‘ताई’, ‘दीदी’ किंवा ‘अक्का’ असते. गिऱ्हाईक वयाप्रमाणे ‘वहिनी’ किंवा ‘काकू’, अनोळखी असेल तर ‘मॅडम’. हाताखालच्या मुलीला सगळ्या नावाने हाक मारतात आणि ती सगळ्यांना ‘मॅडम’ म्हणते. नात्याचे वर्तुळ तिच्यापर्यंत येऊन थांबते.

ऐकण्याची मजुरी

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ च्या ‘द मॅनेज्ड हार्ट’ या पुस्तकात विमानातल्या परिचारिकांच्या हसण्याचा अभ्यास केला आणि भावनिक श्रम ही कल्पना मांडली: पगारासाठी स्वतःच्या भावना आवरणे आणि हव्या तशा दाखवणे. मिलिअन कँग यांनी २०१० च्या ‘द मॅनेज्ड हँड’ मध्ये न्यूयॉर्कमधल्या कोरियन बायकांच्या नखे रंगवण्याच्या दुकानांत तीच कल्पना शरीराच्या स्पर्शाशी जोडली. त्यांचा निष्कर्ष आपल्या कामाचा आहे. श्रीमंत गोऱ्या वस्तीत गिऱ्हाइकाला लाड आणि गप्पा हव्या असतात, तर इतर वस्त्यांत नीटनेटके, झटपट किंवा कलाकुसरीचे काम. म्हणजे जिव्हाळा हा बायकांचा स्वभाव म्हणून आपोआप येत नाही, कोणाला किती द्यायचा हे गिऱ्हाइकाचा वर्ग आणि वंश ठरवतो.

आपल्या मालिश करणाऱ्या मुलीला हे लावून पाहा. दिवसातून सहा जणींचे दुःख ऐकायचे, सासूबद्दल हो म्हणायचे, पण स्वतःचे मत द्यायचे नाही, कारण उद्या ती सासूही येणार असते. पहिल्या बाईचे दुसरीला सांगायचे नाही, तरी गप्पा चालू ठेवायच्या. मोठ्या सलूनमध्ये त्यावर विक्रीचे लक्ष्य आणि कमिशनही असते. वस्तीतल्या पार्लरात लक्ष्य कागदावर नसते, पण किटचे पैसे वितरकाला दिलेले असतात आणि त्यावरची तारीख सरत असते. “डायमंड करून पाहा” या वाक्यामागे अनेकदा लोभापेक्षा ही तारीख असते. ‘दबाव’ हा शब्द वापरताना तो फक्त खुर्चीतल्या बाईवर आहे असे धरू नका.

खर्चावरची टीका कोणाच्या कामी येते

इतके वाचून पार्लर म्हणजे उधळपट्टी असे म्हणण्याचा मोह होईल. त्याआधी अफगाणिस्तानकडे पाहा. जुलै २०२३ मध्ये तालिबान सरकारने देशभरातली महिलांची पार्लरे बंद करायला लावली. दिलेल्या कारणांत भुवया कोरणे आणि केसांना दुसऱ्याचे केस जोडणे ही धार्मिक कारणे होती. सोबत लग्नात वरपक्षावर पडणाऱ्या खर्चाचेही कारण होते. म्हणजे आपण वर केलेलीच टीका तिथे हुकुमाच्या भाषेत आली. मुलींच्या माध्यमिक शाळा, विद्यापीठे, बागा आधीच बंद झालेल्या होत्या. घराबाहेर बायकांनी एकत्र बसण्याच्या उरलेल्या थोड्या जागांपैकी ही एक होती आणि हजारो बायकांची कमाईही. काबूलमध्ये बायकांनी निदर्शने केली, त्यांना पांगवण्यासाठी पाण्याचे फवारे वापरले गेले आणि हवेत गोळ्या झाडल्या गेल्या.

त्यामुळे एखादे पुस्तक, चित्रपट किंवा वर्तमानपत्रातला विनोद पार्लरच्या खर्चाची थट्टा करतो, तेव्हा त्यातले पैसे कोणाचे मानले आहेत हे तपासा. ‘बायकोचे पार्लरचे बिल’ हा विनोद नवऱ्याच्या खिशातून सुरू होतो. आपल्या उदाहरणातली बाई स्वतःच्या पगारातून देते. ‘फक्त आयब्रो करायला गेले होते’ हे वाक्य तरीही ती घरी जाऊन म्हणतेच, म्हणजे हिशेब कोणाला तरी द्यायचा आहे. पार्लरमधला दबाव त्या खोलीत सुरू होत नाही आणि तिथेच संपतही नाही.

आता याच कामाचा काही भाग ॲपवरून घरी येऊ लागला आहे. दर आधीच दिसतात, भुवयांच्या पुढे क्लीनअप जोडायचे की नाही हे बोटाने ठरते, आणि नको असेल तर कोणाच्या चेहऱ्याकडे न पाहता पुढे जाता येते. ‘ना’ लावून विचारणारे कोणी नाही. त्याच बरोबर बाकडे नाही, पडद्याआडून ऐकू येणारी दुसरीची गोष्ट नाही, आणि काम करणारीला गुण देण्याचा अधिकार गिऱ्हाइकाच्या हातात आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये अर्बन कंपनीसाठी काम करणाऱ्या ब्यूटिशियन बायका गुरुग्राम इथल्या कार्यालयाबाहेर कमिशन आणि कामाच्या अटींविरुद्ध जमल्या. दिवसभर एकेकट्या परक्या घरांत काम करणाऱ्या त्या बायका तिथे एकत्र बसल्या होत्या.